मोतीबिंदूचं एक टेबल आणि तीन संस्था

प्रश्न: मी एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोशल आंत्रप्रिन्युअरशिपच्या सेमिनारसाठी 'सामाजिक उद्योग, धर्मादाय संस्था आणि नेहमीचा स्टार्टअप' यांची तुलना करणारा पेपर लिहायचाय. जिथे बघावं तिथे हेतू, निधी, नफा असे रकाने पाडलेला तोच तक्ता मिळतो. गाईड म्हणाले, हे शाळकरी आहे, एक उदाहरण घेऊन खोलात जा. मी मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय घेणार होते, पण ते तर ट्रस्ट निघालं. मग त्याला सामाजिक उद्योग म्हणायचं तरी कसं?

उत्तर:

अरविंद घ्या, सोडू नका. ते ट्रस्ट निघालं म्हणून तुम्ही अडलात, आणि पेपर नेमका तिथूनच सुरू होतो.

1976 साली गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. वय अठ्ठावन्न, संधिवातानं हाताची बोटं वाकडी झालेली. भावंडांना सोबत घेऊन त्यांनी मदुराईत अकरा खाटांचं डोळ्यांचं रुग्णालय काढलं आणि ते गोवेल नावाच्या धर्मादाय ट्रस्टखाली ठेवलं. आजही तीच रचना आहे. म्हणजे कागदावर अरविंद आणि तुमच्या गावचं देवस्थान एकाच जातकुळीतले. उलट 'आम्ही ग्रामीण भारत बदलतो' म्हणणाऱ्या कितीतरी संस्था कागदावर साध्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या असतात. तेव्हा तक्त्यातला 'कायदेशीर स्वरूप' हा रकाना आधी बाजूला ठेवा. 'हेतू'चा रकानाही ठेवा, कारण हेतू विचारला तर तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळतं.

मी बावीस वर्षं नेत्र शिबिरं आणि त्यांचे हिशेब यांत काढली आहेत. पहिली नऊ वर्षं शिबिरं भरवली, नंतर हिशेबाच्या टेबलावर बसलो. त्यावरून सांगतो, संस्था ओळखायला दोन प्रश्न पुरतात. एका शस्त्रक्रियेचा खर्च कोण भरतो आणि त्याला रुग्णाची तक्रार ऐकू येते का? आणि टेबल एकच असेल, दारात पैसे देणारा आणि न देणारा असे दोघे उभे असतील, तर आधी कोण आत जातो? पेपर या दोन प्रश्नांवर उभा करा.

पहिल्या प्रश्नासाठी आमची स्वतःची फजिती सांगतो. एका वर्षी एका देणगीदारानं वाचायच्या चष्म्यांसाठी पैसे दिले. मार्च अखेरीच्या आत खर्च दाखवायचा होता, म्हणून फेब्रुवारीत आठ गावांत शिबिरं लावली. तयार चष्मे, दीड ते तीन नंबरचे, एकाच आकाराच्या तपकिरी फ्रेममध्ये. वाटप झालं, फोटो निघाले, अहवाल गेला. पावसाळ्यानंतर मी दुसऱ्याच कामासाठी त्यातल्या एका गावी गेलो. एका आजींनी चहा ठेवला आणि चष्मा दाखवते म्हणाल्या. पत्र्याच्या ट्रंकेतून लग्नपत्रिकांखाली ठेवलेली डबी काढली. चष्मा कोरा करकरीत. म्हटलं, आजी, लावत का नाही? म्हणाल्या, "बाबा, कानाला टोचतो. पण फुकट दिलेल्याला नावं कशी ठेवायची?" त्या गावात मी आणखी अकरा घरं फिरलो. रोज चष्मा लावणारे तिघेच भेटले.

यात कुणाची नियत खोटी नव्हती. देणगीदार चांगला माणूस होता, आम्हीही मेहनत केली होती. घोळ रचनेत होता. पैसे देणारा एक आणि चष्मा लावणारी दुसरी, आणि तिच्या कानाला टोचलेलं त्याच्यापर्यंत पोचायला वाटच नव्हती. त्याच्यापर्यंत पोचला तो 'इतके चष्मे वाटले' हा आकडा. धर्मादाय कामातली खरी अडचण ही आहे. 'निधी टिकाऊ नसतो' हे त्यानंतर येतं. निधी वर्षानुवर्षं टिकला असता तर आम्ही वर्षानुवर्षं टोचणारे चष्मे वाटत राहिलो असतो.

पुढच्या वर्षी आम्ही त्याच पट्ट्यात पाच प्रकारच्या फ्रेम ठेवल्या आणि चष्म्याला साठ रुपये लावले. घेणारे कमी झाले, हे लपवत नाही. पण ज्यांनी घेतले ते दुसऱ्या दिवशी परत येऊन भांडायला लागले, दांडी सैल आहे, नंबर जास्त वाटतोय. ती भांडणं ऐकूनच आमचा पुरवठादार बदलला. साठ रुपयांत खर्च भागत नव्हता, अर्ध्याहून जास्त भार अजून देणगीवर होता. तरी माहितीची वाट उघडली होती. साठ रुपयेही ज्यांना जड होते ते मात्र सुटले. तो भाग साठ रुपयांनी सुटत नाही, त्यासाठी अरविंदसारखी मांडणी लागते. तिकडे जाऊ.

आता थोडं गणित. आकडे मी समजण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्या संस्थेचे नाहीत, पेपरातही तसंच स्पष्ट लिहा. समजा एका नेत्र रुग्णालयाचा महिन्याचा बांधील खर्च 20 लाख रुपये आहे: डॉक्टर, सिस्टर, इमारत, सूक्ष्मदर्शक, वीज. रुग्ण आला नाही तरी तो होणारच. त्यावर प्रत्येक शस्त्रक्रियेमागे 2,000 रुपये वाढीव: डोळ्यात बसवायचं भिंग, औषधं, जेवण, गाडीभाडं. शंभरातले 45 रुग्ण 9,000 रुपये देतात, 55 काहीच देत नाहीत.

महिन्याला 500 शस्त्रक्रिया झाल्या तर खर्च 30 लाख. पैसे देणारे 225, जमा 20,25,000. तूट पावणेदहा लाख. आता त्याच इमारतीत, त्याच माणसांकडून 1,000 शस्त्रक्रिया करून घेतल्या तर खर्च 40 लाख आणि जमा 40,50,000. पन्नास हजार उरले. दर बदलला नाही, फुकट रुग्णांचं प्रमाण बदललं नाही, फक्त संख्या दुप्पट झाली. या उदाहरणात साधारण 976 शस्त्रक्रियांना खर्च आणि जमा बरोबरीत येतात.

'श्रीमंतांकडून जास्त घेतात आणि गरिबांना फुकट देतात' हे अरविंदचं नेहमीचं वर्णन म्हणूनच अर्धंच खरं. 500 शस्त्रक्रियांवर अडकलेल्या रुग्णालयानं हाच दर आणि हेच प्रमाण ठेवलं तर ते दोन वर्षांत बंद पडेल. भार पेलते ती संख्या. ती कशी वाढवली, हे तुमच्या पेपरातलं सगळ्यात भरीव प्रकरण होऊ शकतं.

अरविंदच्या शस्त्रक्रियागृहात एका सर्जनला दोन टेबलं असतात. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असते, तोवर शेजारच्या टेबलावर पुढच्या रुग्णाची तयारी पूर्ण होते. सर्जन पहिलं काम संपवतो, सूक्ष्मदर्शक वळवतो आणि दुसऱ्याला हात घालतो. भारतातला सर्वसाधारण नेत्र सर्जन वर्षाला काहीशे मोतीबिंदू काढतो, अरविंदचा सर्जन दोन हजारांच्या घरात जातो. हे जमतं कारण डोळा तपासणं, नंबर काढणं, भिंगाची ताकद मोजणं, रुग्णाला समजावणं ही कामं डॉक्टर करतच नाहीत. आसपासच्या खेड्यांतल्या मुली बारावीनंतर घेऊन त्यांना दोन वर्षं तिथेच शिकवतात, आणि रुग्णालयाचा कणा त्याच आहेत. डॉक्टरचा वेळ सगळ्यात महाग, म्हणून तो फक्त जिथे डॉक्टरच लागतो तिथे वापरायचा. वेंकटस्वामी अमेरिकन हॅम्बर्गरच्या दुकानांचं उदाहरण देत असत, ते याच अर्थानं: एकच काम, ठरलेल्या पायऱ्या, कुठेही गेलात तरी तोच दर्जा.

दुसरी गोष्ट भिंगाची. ऐंशीच्या दशकात मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात कृत्रिम भिंग बसवायला सुरुवात झाली, पण ती भिंगं परदेशातून यायची आणि एकेकाची किंमत ऐंशी-शंभर डॉलरच्या आसपास असायची. गरिबांसाठी दान म्हणून आलेली भिंगं वापरत. ज्याला दान आलेलं भिंग मिळालं नाही त्याच्या नाकावर तो जाड काचेचा चष्मा. आपल्या आजोबांच्या पिढीच्या फोटोंत तो दिसतो. भिंगांचं दान आणखी मागणं हा एक रस्ता होता. त्याऐवजी 1992 मध्ये अरविंदनं ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढला आणि भिंग दहा डॉलरच्या आसपास, पुढे त्याहूनही खूप कमी किमतीत आणलं. ऑरोलॅबची भिंगं इतर रुग्णालयांना आणि परदेशातही विकली जातात. आमच्या गणितातले ते 2,000 रुपये अशा निर्णयांमुळे खाली राहतात. वाढीव खर्च 2,000 ऐवजी 6,000 असता तर अख्खं गणित कोसळलं असतं, पाहिजे तर करून बघा.

एक चूक टाळा. अरविंदला बाहेरचा पैसा कधी लागलाच नाही असं लिहू नका. सुरुवातीच्या काळात शिबिरांना आणि ऑरोलॅबला परदेशी स्वयंसेवी संस्थांची मदत होती, आणि अंधत्व निवारणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून फुकट शस्त्रक्रियांसाठी संस्थांना ठरावीक अनुदान मिळतं. सामाजिक उद्योगाला देणगी चालते. ती कशावर खर्च होते ते बघा. नवं टेबल, नवं यंत्र, नवी पद्धत बसवायला देणगी आणि रोजचा गाडा रुग्णांच्या पैशांवर, अशी विभागणी असेल तर तो उद्योग. रोजचा पगारच देणगीतून होत असेल तर ती धर्मादाय संस्था, भले तिच्या दारात दुकान असो.

आता दुसरा प्रश्न, टेबल एक आणि माणसं दोन. टेबल रिकामं असेल तर फुकट रुग्ण संस्थेला किती रुपयांना पडतो? पटकन कुणीही सरासरी सांगेल, 4,000. तसं नाही. बांधील खर्च झालेलाच आहे, म्हणून तो फक्त 2,000 ला पडतो. पण टेबलं भरलेली असतील आणि पैसे देणाऱ्याला मागे ठेवून फुकट रुग्ण घेतला, तर तोच रुग्ण 9,000 ला पडतो, कारण तेवढी जमा हातची गेली. तिन्ही संस्थांमधला फरक या 2,000 आणि 9,000 च्या मधल्या जागेत आहे. रिकाम्या टेबलावर गरिबाला घ्यायला कुणाचीच हरकत नसते, चकचकीत कॉर्पोरेट रुग्णालयाचीसुद्धा. त्यात त्यांची प्रसिद्धी होते. टेबल भरल्यावर काय करता, ते विचारायचं.

धर्मादाय संस्थेला हा पेच बहुधा पडतच नाही, तिच्या दारात पैसे देणारा नसतोच. देणगी संपली की टेबल बंद, दोघांनाही नाही.

स्टार्टअपच्या व्यवस्थापकाला पेच पडतो आणि त्याचं उत्तर ठरलेलं असतं. तो दुष्ट म्हणून नव्हे. त्यानं ज्या फंडाकडून पैसे घेतले त्या फंडाची मुदत साधारण दहा वर्षांची असते. त्या आत फंडाला आपले समभाग मोठ्या किमतीला विकून बाहेर पडायचं असतं, मग शेअर बाजारात उतरून किंवा मोठ्या कंपनीला विकून. समभागाची किंमत पुढच्या वाढीवर ठरते. भरलेल्या टेबलावर 9,000 सोडून देणारा व्यवस्थापक त्या किमतीला दर महिन्याला भोक पाडतो, आणि संचालक मंडळात बसलेल्या फंडाच्या माणसाला तसं विचारायचा हक्क आहे. उलट ट्रस्टला समभाग विकताच येत नाहीत. त्याची वाढ शिल्लक, कर्ज आणि देणगी एवढ्यावरच, म्हणून ती सावकाश होते. 1976 ला सुरू झालेलं अरविंद कोइम्बतूरला 1997 मध्ये आणि पुदुच्चेरीला 2003 मध्ये पोचलं. आजचा कुठलाही फंड एवढी वर्षं थांबत नाही. हा संथपणा सामाजिक उद्योगाची किंमत आहे, ती पेपरात प्रामाणिकपणे मांडा: त्या वीस वर्षांत दुसऱ्या राज्यांत किती माणसं आंधळी राहिली, असा प्रश्न स्टार्टअपवाला विचारू शकतो आणि तो चुकीचा नाही.

सामाजिक उद्योगाचं उत्तर टेबल भरायच्या आधीच रचनेत घालून ठेवलेलं असतं. अरविंदमध्ये पैसे देणाऱ्यांचा आणि फुकटचा विभाग वेगळा आहे, पण डॉक्टर आळीपाळीनं दोन्हीकडे काम करतात. कोणत्या विभागात जायचं ते रुग्ण स्वतः ठरवतो, उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. पैसे देणाऱ्याला खोली, पंखा की एसी, भिंगाचा प्रकार यांत निवड मिळते; फुकटवाल्याला मोठ्या दालनात चटई मिळते. दाखला मागत नाहीत हे ऐकून आपल्याकडचे हिशेबनीस दचकतात, सगळेच फुकट मागतील म्हणून. तसं होत नाही, कारण ज्याच्या खिशात पैसे आहेत तो सहसा चटईवर झोपायला तयार नसतो. दाखला तपासणारा कारकून जे करतो ते काम चटईच करते, आणि चटईला पगार लागत नाही.

महाराष्ट्रातली एक तुलना इथे घाला, तुमच्या परीक्षकांना ती लगेच कळेल. मुंबई उच्च न्यायालयानं 2006 मध्ये आखलेल्या योजनेनुसार राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. वरवर पाहता इथेही पैसे देणाऱ्याच्या पैशातून गरिबाचा उपचार होतो. मग हा सामाजिक उद्योग का नाही? कारण त्या रुग्णालयाचा सगळा खर्च पैसे देणाऱ्या रुग्णाला डोळ्यासमोर ठेवून रचलेला असतो. वाढीव खर्च खाली आणायची गरजच कुणाला वाटलेली नसते, म्हणून प्रत्येक निर्धन रुग्ण महाग पडतो आणि हिशेब विभाग त्याच्याकडे 2 टक्क्यांतून वजा होणारी रक्कम म्हणून बघतो. रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, समाजसेवा अधिकाऱ्याची सही, आणि शेवटी 'सध्या खाट शिल्लक नाही'. मी एका रुग्णाबरोबर अशा एका खिडकीपाशी दोन दिवस काढले आहेत. खिडकीतला माणूस वाईट नव्हता. फुकट रुग्ण घेतल्यानं त्याच्या संस्थेचं काहीच सोपं होत नव्हतं, एवढंच. अरविंदमध्ये फुकट रुग्ण आला की संख्या वाढते, शिकाऊ डॉक्टरांचा हात बसतो, भिंगं ठोक भावानं घेता येतात आणि सगळ्यांसाठीच सरासरी खर्च उतरतो.

कायद्याचं एक पान हवंच, पण तिथे रेंगाळू नका. भारतात सामाजिक उद्योग नावाचं नोंदणीचं वेगळं स्वरूप नाही. ट्रस्ट, सोसायटी, 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची कंपनी आणि साधी प्रायव्हेट लिमिटेड, यांतलंच एक निवडावं लागतं. पहिल्या तीनमध्ये नफा वाटता येत नाही. ट्रस्टनं करसवलत टिकवायची तर साधारणपणे उत्पन्नाचा 85 टक्के भाग उद्दिष्टावर खर्च व्हावा लागतो, त्यात इमारत आणि यंत्रंही धरली जातात. यशस्वी ट्रस्ट सारख्या इमारती का बांधतात याचं अर्धं उत्तर त्यात आहे. वैद्यकीय मदत हा धर्मादाय कामाचा स्वतंत्र गट असल्यानं रुग्णाकडून शुल्क घेतलं तरी चालतं. पण तुमची संस्था 'इतर लोकोपयोगी काम' या शेवटच्या गटात पडत असेल तर व्यापारी स्वरूपाची जमा एकूण जमेच्या 20 टक्क्यांवर गेली की सवलत धोक्यात येते. म्हणूनच अनेक जण ट्रस्ट आणि कंपनी अशी जोडी करतात. हे नियम 1961 च्या प्राप्तिकर कायद्यातले. 2025 च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा क्रमांक टाकताना चालू पाठ बघून टाका.

व्याख्या म्हणाल तर सामाजिक संस्थांना बाजारातून पैसे उभारता यावेत म्हणून काढलेल्या सोशल स्टॉक एक्स्चेंजसाठी सेबीनं 2022 मध्ये एक दिली आहे. तिच्यात नफ्यासाठीच्या कंपन्याही बसतात. ठरवून दिलेल्या कामांतलं काम हवं आणि मागच्या तीन वर्षांच्या सरासरीनं किमान 67 टक्के जमा, किंवा खर्च, किंवा लाभार्थी हे वंचित घटकांशी निगडित हवेत. बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेचे संस्थापक मुहम्मद युनूस याहून कडक आहेत: गुंतवणूकदारानं आपलं मुद्दल परत घ्यावं, लाभांश एक पैसाही नाही. ब्रिटननं 2005 पासून मधला रस्ता म्हणून वेगळी कंपनीच दिली आहे, तिच्यात लाभांशावर मर्यादा असते आणि संस्थेची मालमत्ता बाहेर काढता येत नाही. आपल्याकडच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीवर असं कुलूप नाही, आणि ते नसलं की काय होऊ शकतं याचं उदाहरण दूर शोधावं लागत नाही.

एसकेएस मायक्रोफायनान्स नव्वदच्या दशकाच्या शेवटी आंध्र प्रदेशात ना-नफा संस्था म्हणून सुरू झाली. गरीब बायकांना गटानं छोटी कर्जं द्यायची. देणगीच्या पैशात वाढ होईना, म्हणून 2005 च्या सुमाराला ती नफ्यासाठीची कंपनी झाली, मोठ्या फंडांनी पैसे घातले आणि ऑगस्ट 2010 मध्ये ती शेअर बाजारात उतरली. युनूस यांनी त्यावर उघड टीका केली. त्याच ऑक्टोबरात, कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्या गाजत असताना, आंध्र सरकारनं सगळ्याच सूक्ष्म कर्ज कंपन्यांवर अध्यादेश आणला आणि त्या राज्यातली वसुली ठप्प झाली. विद्यार्थी हे उदाहरण 'लोभ वाईट' असं लिहून संपवतात. त्यात अधिक बारीक गोष्ट आहे. मघाशी मी म्हणालो, साठ रुपये घेतले की तक्रार ऐकू येते. पण ती ऐकू येते कारण चष्मा टोचला तर आजी तो घेणारच नाहीत. कर्जात तसं नाही. बाई नाराज असली, दुसऱ्याकडून उसने आणत असली तरी हप्ता भरतच राहते, गटातल्या शेजारणींच्या तोंडाकडे बघून. कंपनीच्या वहीत वसुली उत्तम दिसते, ती बुडेपर्यंत. ग्राहकाचे पैसे म्हणजे ग्राहकाचं समाधान, हे समीकरण ग्राहकाला उठून जाता येत असेल तिथेच लागू. सामाजिक उद्योगाचं कौतुक करणारे लेख हे बहुधा विसरतात.

अरविंदलाही मर्यादा आहेत. मोतीबिंदू हा या पद्धतीसाठी फार सोयीचा आजार आहे. एकदाच करायची शस्त्रक्रिया, ठरलेल्या पायऱ्या, दुसऱ्या दिवशी पट्टी काढली की निकाल, आणि तो गरिबाला होतो तसाच पैसेवाल्यालाही होतो, त्यामुळे त्याच टेबलावर पैसे देणारा मिळतो. घरातून मार खाऊन निघालेल्या बाईसाठीचा निवारा घ्या. तिथे त्याच सेवेचे पैसे देणारं दुसरं गिऱ्हाईक कुठून आणणार? रस्त्यावरच्या मनोरुग्णांचं पुनर्वसन घ्या. तिथे धर्मादाय संस्था किंवा सरकारच हवं, आणि त्यांना 'स्वावलंबी व्हा' म्हणून मसाले-पापड विकायला बसवणं म्हणजे दोन्ही कामं बिघडवणं. असा आग्रह धरणारे देणगीदार मी पाहिलेत, एका निवाऱ्याची अधीक्षिका वर्षभर मेणबत्त्यांच्या साच्यांतच अडकली होती. नव्या पद्धतीचं सॉफ्टवेअर, ज्याला आधी पाच वर्षं तोटाच होणार, तिथे फंडाचा पैसा योग्य. तेव्हा निष्कर्षात तिघांना चढत्या क्रमानं उभं करू नका.

माहिती गोळा करायला मदुराईला जाता येईलच असं नाही, आणि गरजही नाही. तुमच्या जिल्ह्यात दोन्ही प्रकारचे रुग्ण घेणारं एखादं नेत्र रुग्णालय सापडेल. ताळेबंदाआधी शस्त्रक्रियांच्या तारखांचं रजिस्टर मागा, नावं झाकून चालतील. आपल्याकडे मोतीबिंदू थंडीतच काढायचा असा लोकांचा समज असल्यानं डिसेंबर-जानेवारीत टेबलं भरलेली असतात. त्या दोन महिन्यांत पैसे देणाऱ्याला किती दिवस थांबावं लागलं आणि फुकट रुग्णाला किती, ते दोन रकान्यांत लिहा. मग जून-जुलैचं तेच काढा. पावसाळ्यात दोन्ही रांगा सारख्या असतील, त्यावरून काही ठरवू नका. हिवाळ्यात फुकटची रांग चार आठवडे मागे गेली असेल, तर भिंतीवर काहीही लिहिलेलं असो, ते टेबल कुणाचं आहे ते तारखा सांगतील. मागच्या तीन वर्षांत पैसे देणाऱ्यांचं प्रमाण सारखं चढतंय का आणि शिबिरं हळूहळू तालुक्याच्या गावाजवळ सरकतायत का, हेही त्याच रजिस्टरात गावांच्या नावांवरून दिसतं. रजिस्टर दाखवायला नाही म्हणाले तर ओपीडीच्या बाकावर सकाळी आठला जाऊन बसा, केसपेपरचा रंग बघा आणि कुणाचं नाव आधी पुकारतात ते वहीत मांडत जा.